वरचे चार दात

ठकूचं तोंड उघडायचं तर ते बाबानंच, असा घरात अलिखित करार होता.

बाबा नळदुरुस्तीवाला. दिवसभर लोकांच्या मोऱ्या, टाक्या, गळके नळ करून संध्याकाळी घरी आला, की हातपाय धुवून न्हाणीघरातल्या बुटक्या स्टुलावर बसायचा आणि लेकीला मांडीवर उताणी घ्यायचा. तिचं तोंड म्हणजे त्याच्या लेखी दोनमजली इमारत. खालचा मजला, वरचा मजला, मागच्या बाजूला दाढोबांची बिऱ्हाडं. एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात कामाची छोटी बॅटरी, आणि तोंडानं चालू:

*दाढोबाच्या घरी, तुंबली गं मोरी,*
*पालकाच्या काडीनं केली शिरजोरी.*
*उघडा उघडा दार, आला दुरुस्तीवाला,*
*घासूनपुसून देतो, मग भाडं द्या त्याला.*

भाडं म्हणजे गालाचा पापा. कधी तो बॅटरी आत धरून गंभीर चेहऱ्यानं म्हणायचा की मालकीणबाई, वरच्या मजल्यावर गाजराचं एक कुटुंब न विचारता राहायला आलंय, पोलिसांना बोलवू की समजावून सांगू. ठकू फेसाळल्या तोंडानं खिदळायची आणि त्या खिदळण्यातच ब्रश मागच्या दाढेपर्यंत जाऊन यायचा. पालक खायला लावायचीही त्याची हीच युक्ती होती. आज दुरुस्तीला काही काम नाही, म्हणून तो तोंड पाडून बसायचा, आणि ठकू त्याला काम मिळावं म्हणून चार घास भाजी जास्त खायची.

ठकूची आई हे सगळं दारातून बघायची. विनोद करायचं खातं नवऱ्याकडे आणि वेळा सांभाळायचं तिच्याकडे, अशी वाटणी आपोआपच झालेली होती. ती बसस्थानकावर घोषणा देणारी. काचेच्या खोलीत बसून, कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते साऱ्या स्थानकाला सांगायचं, हे तिचं काम. आवाज सपाट, स्वच्छ, एका सुरातला. तिथला वाहतूक नियंत्रक तिला म्हणायचा, बाई, तुमच्या आवाजात एक गुण आहे, गाडी चुकलेला माणूससुद्धा भांडायला येत नाही, तिथंच बाकावर डुलकी काढतो.

मग एका दुपारी, कुणाच्यातरी घरी टाकीवर काम करताना बाबाच्या छातीत कळ आली, आणि दवाखान्यात पोचायच्या आत तो संपला.

त्यानंतरचे दिवस ठकूच्या आईला नीट आठवत नाहीत. माणसं आली, बसली, उठली. कुणी पाणी दिलं की ती प्यायची, कुणी जेव म्हटलं की जेवायची. रडायला येत नव्हतं, आणि रडायला येत नाही याचंही काही वाटत नव्हतं. हिवाळ्यात हात गारठून गेले की सुई टोचलेली कळत नाही, तसं आत सगळं होऊन बसलं होतं. त्या गर्दीतच कधीतरी ठकूनं काकाला विचारलं की बाबा कुठाय. काका जीव लावणारा माणूस, पोरीचा चेहरा त्याला बघवेना. बाबा लांबच्या गावाला गेलाय, तो म्हणाला, तिथं खूप मोठी पाइपलाइन टाकायचीय. ठकूच्या आईनं ते ऐकलं. नको म्हणायलाही अंगात काही लागतं, ते तिच्याकडे नव्हतं.

आणि ठकूनं तोंड मिटलं ते मिटलं.

बोलायची, खेळायची, पण ब्रश दिसला की ओठ आत घेऊन अशी बसायची, जणू डब्याला झाकण लावलंय. भाजीचंही तेच. पोळी आणि दूध, दूध आणि बिस्किट. आजीनं आधी गोडीगुलाबीनं घेतलं, मग एकदा हात धरून जबरदस्ती करून पाहिली. ठकूनं तिच्या बोटाला असा चावा घेतला, की आजी आठवडाभर बोट दाखवत फिरत होती. काकानं मोज्याचं माकड केलं, माकडाला ब्रश दिला, माकडाचे दात घासले, स्वतःचे घासले, पेस्टच्या पांढऱ्या मिशा काढून न्हाणीघरात नाचून दाखवलं. ठकू हे सगळं सभ्यपणे बघत राहिली. नाच संपल्यावर म्हणाली, "काका, तू छान करतोस. पण ते बाबाचं काम आहे. तो आल्यावर करेल."

आईनंही एकदा बाबाचं गाणं म्हणून पाहिलं. पहिलीच ओळ, आणि ठकूनं दोन्ही तळहात तिच्या तोंडावर ठेवले. तसं नाही, एवढंच म्हणाली.

असे महिने गेले. मग शाळेतून चिठ्ठी आली, की मुलीचे दात एकदा दाखवून घ्या.

दातांची डॉक्टरीण तरुण होती. ठकूनं खुर्चीवर बसायला नकार दिला, तेव्हा तिनं आईलाच समोर बसवलं, गुडघ्याला गुडघे टेकवले, आणि ठकूला त्या दोघींच्या मांड्यांवर आडवी घेतली. ठकू किंचाळली, तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी वरचा ओठ उचलून काय बघायचं ते बघून घेतलं. कापसानं दात टिपले आणि हिरडीच्या कडेला औषधाचा पातळ लेप लावला.

वरच्या पुढच्या चार दातांवर, हिरडीला लागून, खडूनं ओढल्यासारखी पांढरी रेघ होती. कीड लागायला सुरुवात झाली की आधी असं दिसतं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. अजून भोक पडलेलं नाही, त्यामुळे इथंच थांबवता येईल. सकाळी आणि झोपताना, दोन्ही वेळा, मोठ्या माणसानं घासून द्यायचं. पेस्ट वाटाण्याएवढी. ओठ उचलून हिरडीच्या कडेनं बारीक गोल गोल फिरवायचं. थुंकायचं, पण नंतर पाण्यानं खळखळून चूळ भरायची नाही, पेस्टमधलं औषध दातावर राहू द्यायचं. झोपताना दूध बंद.

"आणि नाही जमलं तर?" ठकूच्या आईनं विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी ठकूकडे बघितलं. ती दाराला पाठ लावून, ओठ मिटून उभी होती.

"भोकं पडली तर भरावी लागतील. आणि ही अशी तोंड उघडणार नसेल, तर मोठ्या दवाखान्यात नेऊन, पूर्ण भूल देऊन करावं लागेल. घाबरायचं कारण नाही, मुलांना देतात. पण टाळता आलं तर बरं. पुढच्या महिन्याच्या शेवटी या, बघू."

घरी येताना ठकूच्या आईला कळत होतं, की आपल्याला भीती वाटायला हवी. मोठा दवाखाना, पांढरी चादर, डोळे मिटलेलं माणूस. ती भीती कुठंतरी होती, शेजारच्या घरात वाजणाऱ्या फोनसारखी. ऐकू येत होती, उचलता येत नव्हती. तिनं एवढंच ठरवलं, की या पोरीला असं मिटल्या डोळ्यांनी कुणी ढकलत नेताना मी बघणार नाही. तेवढी एकच गोष्ट तिच्याकडे स्पष्ट होती.

दुसऱ्या दिवशी स्थानकावर गर्दी फार होती. सुट्ट्या लागलेल्या, गाड्या उशिरानं, फलाट सारखे बदललेले. बोलून बोलून घसा कोरडा पडला होता. संध्याकाळी ती न्हाणीघरातल्या त्या बुटक्या स्टुलावर बसली, समोर ठकू झाकण लावून उभी, हातात ब्रश. डोक्यात काहीच नव्हतं. ना गाणं, ना माकड, ना युक्ती. तिनं तोंड उघडलं आणि दिवसभराच्या सवयीनं जे बाहेर पडायचं तेच पडलं.

"प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे."

ठकूनं भुवया वर केल्या.

ठकूच्या आईला स्वतःलाच ते ऐकून नवल वाटलं. पण घोषणा एकदा सुरू झाली की मध्ये सोडता येत नाही. तिनं त्याच सपाट, कंटाळलेल्या, सरळ सुरात पुढं सांगितलं, की मागच्या दाढेहून घशाकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागली आहे. पोळीच्या तुकड्यांनी आपापलं सामान घेऊन रांगेत उभं राहावं. काल दुपारपासून फलाटावर झोपलेल्या बिस्किटानं आपलं अंथरूण गुंडाळावं. बिनतिकीट प्रवास करणाऱ्या साखरेच्या दाण्यानं ताबडतोब नियंत्रण कक्षात येऊन भेटावं.

चेहऱ्यावर काही नाही. डोळ्यांत काही नाही. आवाजात तर काहीच नाही.

ठकूच्या नाकातून आधी एक फुसकारा निघाला. मग झाकण उडालं.

"आई, ते बिस्किट उठलं का?"

"सदर बिस्किट अद्याप झोपलेले आहे," आई म्हणाली. "त्याला उठवायला सफाई कामगार येत आहेत. प्रवाशांनी तोंड मोठं उघडून सहकार्य करावं."

ठकूनं आ केला. ब्रश आत गेला.

काका नाचून थकला, आजी दटावून थकली, आणि आईला न हसता जमलं. काकानं दाराआडून ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतः प्रयत्न केला, पण त्याला मध्येच हसू फुटायचं आणि ठकू लगेच म्हणायची, काका, तुझा माइक बिघडलाय. हसणारी घोषणा तिला चालत नव्हती. आईचा तो कोरडा आवाजच तिला हवा होता. आणि ठकूच्या आईकडे नेमका तेवढाच उरलेला होता. ती काही वेगळं करत नव्हती. आत जे होतं, म्हणजे जे नव्हतं, तेच बोलत होती.

मग जेवतानाही घोषणा सुरू झाल्या. गाजराची जादा गाडी आज पोटापर्यंत थेट धावेल, मध्ये कुठंही थांबणार नाही. दुधीच्या प्रवाशांना गर्दीमुळे उभ्यानं प्रवास करावा लागेल, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. दुधी मुकाट खाल्ला जायचा. आजीनं आयुष्यात पहिल्यांदा सुनेकडे बघून तोंडाला पदर लावला, आणि तो हसण्यासाठी होता.

पण एक अडलं.

सगळे दात झाले, मागचे, खालचे, आतले बाहेरचे, आणि आईनं वरचा ओठ उचलायला बोट नेलं, की ठकू तिचं मनगट धरायची. आधी वाटलं गुदगुल्या होत असतील. मग एका संध्याकाळी तिनं कारण सांगितलं, अगदी व्यवहारानं, जसं कुणी राखून ठेवलेल्या खुर्चीबद्दल सांगावं.

"हे चार नाही. हे बाबाचे. हे मी त्याला ठेवलेत."

आईनं ब्रश धुऊन ठेवला. पांढरी रेघ नेमकी त्याच चार दातांवर होती. बाकीचं सगळं तोंड आरशासारखं झालं असतं तरी डॉक्टरीणबाईंना बघायचे होते ते हेच.

तिनं काकाला सांगितलं. त्याच्याकडे उत्तर तयार होतं. "वहिनी, त्यात काय एवढं. तुमच्या त्या आवाजातच सांगा ना. बाबाचा निरोप आलाय म्हणावं. यायला वेळ लागेल, तोवर वरचे चार दात आईनं घासावेत. ती ऐकेल. तुमच्या घोषणेवर तिचा फार विश्वास आहे."

"हो भाऊजी," ती म्हणाली. खरंच, सोपं होतं. दातही वाचले असते.

डॉक्टरीणबाईंकडे जायचा दिवस जवळ येत चालला होता. त्या संध्याकाळी बाकी सगळं घासून झालं, आणि ठकू सवयीनं मनगट धरायच्या बेतात होती, तेव्हा आईनं सुरुवात केली.

"प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. बाबाकडून—"

आणि जीभ अडकली. एवढ्या वर्षांत तिनं त्या आवाजात, जिची पक्की खबर नाही अशी गाडी येतेय म्हणून कधी सांगितलं नव्हतं. नियंत्रक कितीदा म्हणायचा, बाई, म्हणून टाका येतेय म्हणून, लोक डोकं खातायत. ती नाही म्हणायची. एकदा येते म्हटलं की माणूस हलत नाही. तहान लागली तरी पाणी प्यायला जात नाही, दुसरी गाडी समोरून गेली तरी चढत नाही. बोचकं घट्ट धरून रस्त्याकडे बघत बसतो. आणि मांडीवर, तिच्याकडे उलट्या चेहऱ्यानं बघत, ही एवढीशी पोर तशीच वाट बघत पडलेली होती. ओठ घट्ट धरून.

"बाबाकडून काय?" ठकूनं विचारलं. "त्याची गाडी लागली?"

"नाही."

"उशिरा आहे?"

ठकूच्या आईनं ब्रश खाली ठेवला. आवाज बदलायचा तिनं प्रयत्न केला, मऊ करायचा, पण मऊ काही हाताला लागेना. तो होता तसाच आला, सपाट आणि स्वच्छ.

"बाबाची गाडी उशिरा नाही. बाबाची गाडी येणार नाही. बाबा लांबच्या गावाला गेलेला नाही. त्याच्या छातीत दुखलं आणि तो मेला. मेलेलं माणूस परत येत नाही."

नळातून पाणी ठिबकत होतं. तो नळ घरात कुणी दुरुस्त केला नव्हता.

ठकूनं नजर छताकडे वळवली. मग म्हणाली, "परत सांग."

"काय?"

"तू तिकडे परत सांगतेस. सगळ्यांना नीट कळावं म्हणून."

आईनं परत सांगितलं. तेच शब्द, त्याच क्रमानं. दुसऱ्या वेळी 'मेला' या शब्दापाशी आवाज थोडा घासला गेला, पण तुटला नाही. आपण हे वाक्य आजवर मोठ्यानं कधी म्हटलंच नव्हतं, हे तिला ते म्हणून झाल्यावर कळलं.

ठकू उठून बसली. रडली नाही. काकानं खोटं का सांगितलं, हे विचारलं. त्याला तुझं वाईट वाटलं म्हणून, आई म्हणाली. आणि तू का नाही सांगितलंस, हेही विचारलं. त्यावर आई खरं तेच म्हणाली, की माझ्याच्यानं बोलवत नव्हतं. ठकूनं मान हलवली, जणू हे तिला ओळखीचं होतं. त्या रात्री वरचे चार दात तसेच राहिले. आईनं हट्ट धरला नाही. दोघी एका पांघरुणात झोपल्या, आणि पहाटे कधीतरी ठकू रडली, बारीक, उशीत तोंड घालून. आईनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला.

सकाळी ती चहाचं आधण ठेवत होती, तेव्हा ठकू न्हाणीघरातून ब्रश घेऊन आली. पेस्ट तिनं स्वतःच लावली होती, वाटाण्याएवढी नाही, चांगली बोराएवढी.

"मग हे चार आता कोणाचे?"

"तुझे."

ठकूनं विचार केला. "माझा तिथं हात नीट पुरत नाही," ती म्हणाली. "तू घास."

आईनं गॅस बंद केला. जास्तीची पेस्ट बोटानं काढून टाकली. ओट्याशीच खाली बसून ठकूचं डोकं मांडीवर घेतलं आणि वरचा ओठ उचलला. चार दात, मक्याच्या कोवळ्या दाण्यांसारखे, आणि हिरडीपाशी ती खडूची रेघ. ब्रश टेकवला आणि बारीक गोल फिरवायला लागली. ठकूनं तिच्या गुडघ्यावर चापट मारली. बोल ना, अशी.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे," आई म्हणाली. "बरेच महिने बंद असलेला फलाट आजपासून सुरू होत आहे. फलाटावर धूळ फार आहे. प्रवाशांनी थुंकू नये." थोडं थांबून तिनं जोडलं, "थुंकायचं असल्यास आधी सांगावे."

ठकूच्या तोंडातून फेसाचा फवारा आईच्या गाऊनवर उडाला.

ठरल्याप्रमाणे दोघी दवाखान्यात गेल्या. ठकू आपणहून खुर्चीवर चढली, पाय हलवत बसली आणि डॉक्टरीणबाईंनी दिवा ओढायच्या आधीच आईच्या आवाजात, एका सुरात म्हणाली, "डॉक्टरीणबाईंनी कृपया लक्ष द्यावे. तोंड उघडत आहे."

डॉक्टरीणबाई इतक्या हसल्या, की त्यांना मुखपट्टी नीट करावी लागली. मग त्यांनी ओठ उचलून, आरसा लावून, दात कोरडे करून निवांत पाहिलं. रेघ गेली नव्हती. ती बहुतेक जाणारही नाही, त्या म्हणाल्या, हे दात पडेपर्यंत थोडी दिसेल. पण आधी खडूसारखी भुसभुशीत होती ती आता कडक झालीय, चमकतेय. कीड थांबलीय. भूलबिल काही नको. असंच चालू ठेवा, आणि काही महिन्यांनी येऊन दाखवून जा.

ठकूची आई भिंतीपाशी उभी होती. बरं, असं ती म्हणाली. आनंद व्हायला हवा, हे तिला कळत होतं, आणि तो आला नाही. तिथं ठेवलेल्या लहान मुलांच्या बुटक्या खुर्चीवर ती बसली, गुडघे हनुवटीशी येतील अशी, आणि तिला कळलं, की त्या मोठ्या दवाखान्याचा दरवाजा इतके दिवस ती पाठीनं दाबून धरून उभी होती.

"आई, तुला काय झालं?" खुर्चीवरून ठकूनं विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "बसलेय जरा."

ठकू खाली उतरली, आणि आईला अडचण होणार नाही अशा बेतानं, तिच्या पायाशी फरशीवर बसून राहिली. बाहेर पुढचा मुलगा आत यायला नको म्हणून रडत होता. त्याची आई त्याला खाऊचं आमिष दाखवत होती.